वॉर्डातलं अँटिबायोटिक ऑडिट: ‘कल्चर रिपोर्ट बघितला का’ या रकान्यात नक्की कशाला ‘हो’ म्हणायचं?

शलाका_आयसीएन
नमस्कार मंडळी. मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स. मेडिसिनच्या वॉर्डात दर महिन्याला अँटिबायोटिक ऑडिट करते. फॉर्म आधीपासून चालत आलेला आहे आणि त्यात तीनच प्रश्न आहेत. अँटिबायोटिक का दिलं ते लिहिलंय का? किती दिवस द्यायचं ते लिहिलंय का? कल्चर रिपोर्ट बघितला का? प्रत्येकापुढे हो, नाही, लागू नाही.

पहिल्या दोघांचं कसंबसं निभतं, तिसऱ्यावर गाडी अडते. रिपोर्ट फाइलला लावलेला असेल तर मी ‘हो’ म्हणते. माझ्या जोडीची सिस्टर म्हणते, डॉक्टरांच्या नोटमध्ये उल्लेख हवा. फार्मसीवाल्या मॅडम म्हणतात, रिपोर्ट बघून काहीतरी बदललं असेल तरच ‘हो’. तिघींनी एकच फाइल बघितली तर तीन उत्तरं येतात. तरी महिन्याच्या बैठकीत आमचा आकडा नेहमी ८५ च्या पुढेच! आणि वॉर्डात मेरोपेनेम दहा-दहा दिवस चालू असतं, ते दिसतंच आहे.

तर हा प्रश्न कसा विचारावा? आणि ‘लागू नाही’चं काय करावं?

निवांत
रुमाल टाकून ठेवतो. ऑडिट म्हटल्यावर आधी वाटलं बिलांचं काहीतरी आहे.

नवा_रेसिडेंट
ताई, यात एवढं गुंतागुंतीचं काय आहे? ४८ तासांनी कल्चर बघायचं. निगेटिव्ह असेल तर अँटिबायोटिक बंद, पॉझिटिव्ह असेल तर सेन्सिटिव्हिटीप्रमाणे बदल. दोन्ही झालं नसेल तर ‘नाही’. फार्मसीच्या मॅडम बरोबर आहेत.

सूक्ष्मदर्शी
मी मायक्रोबायोलॉजीत आहे. रेसिडेंट डॉक्टरांचं अर्धं बरोबर आहे. निगेटिव्ह कल्चर म्हणजे आपोआप ‘बंद’ नव्हे. नमुना पहिल्या डोसच्या आधी घेतला होता की नंतर, हे आधी बघायला लागतं. डोस गेल्यावर चार तासांनी घेतलेलं रक्त निगेटिव्ह आलं, तर त्यावरून फारसं काही ठरत नाही. न्यूमोनियात तर कल्चर पुष्कळदा निगेटिव्हच येतं, तरी पेशंटला न्यूमोनिया असतोच. उलट पेशंट बरा आहे, नमुने वेळेवर आणि पुरेसे घेतलेत, ४८ तासांत बाटलीत काही उगवलेलं नाही आणि तापाचं दुसरं कारण सापडलंय, अशा वेळी थांबवण्याला चांगला आधार मिळतो. म्हणजे निर्णय डॉक्टरांचाच. ऑडिटने एवढंच बघायचं की निर्णय झाला का आणि वेळेत झाला का.

‘काहीतरी बदललं तरच हो’ यातही अडचण आहे. रिपोर्ट बघून ‘आहे तेच बरोबर, रविवारपर्यंत चालू’ असं लिहिलं, तर तोही निर्णयच झाला. बदल झाला नाही म्हणून त्याला ‘नाही’ देणं अन्याय होईल. इंग्लंडात २०११ पासून रुग्णालयांसाठी ‘स्टार्ट स्मार्ट देन फोकस’ नावाची मार्गदर्शिका आहे. तिच्यात ४८ ते ७२ तासांच्या फेरतपासणीतून निघणारे पर्याय ठरवूनच दिलेत: थांबवा, सुईवरून गोळीवर आणा, औषध बदला, चालू ठेवून पुन्हा केव्हा बघायचं ते लिहा, किंवा पेशंटला घरी सोडून इंजेक्शनचा कोर्स बाहेरून पुरा करा. शलाकाताई, तुमच्या रकान्यात हो-नाहीऐवजी या पाचांपैकी कोणता निर्णय झाला ते लिहा. एकही सापडला नाही की उत्तर ‘नाही’. तिघींची भांडणं बरीच कमी होतील.

फार्मा_मंजू
ज्यांच्या नावाने इथे गोष्टी चालल्यात त्या मॅडम मी नव्हे, पण काम तेच करते. डॉक्टरांशी सहमत. तरी एक शंका आहे. नोटमध्ये ‘सीएसटी’ एवढंच लिहिलं असेल तर? म्हणजे कंटिन्यू सेम ट्रीटमेंट. आमच्याकडे निम्म्या नोटा अशाच असतात. हा ‘चालू ठेवा’चा निर्णय धरायचा का?

सूक्ष्मदर्शी
नाही. त्या ‘सीएसटी’त रक्तदाबाच्या गोळीपासून सलाइनपर्यंत सगळंच येतं. अँटिबायोटिकचं नाव आणि थांबवायची किंवा पुन्हा बघायची तारीख असेल, तरच ‘चालू ठेवा’ धरायचं. हा नियम फॉर्मच्या मागे छापा, नाहीतर दर महिन्याला याच नोटेवर वाद घालत बसाल.

शलाका_आयसीएन
डॉक्टर, हे पटलं. पण वेळ कुठून मोजायची? पहिल्या डोसपासून ४८ तास म्हटलं तर कित्येकदा सेन्सिटिव्हिटी आलेलीच नसते. मग डॉक्टरांना ‘नाही’ कसं देणार? आणि रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर तोवर कोणी काही बघतच नाही.

सूक्ष्मदर्शी
तुमचा फॉर्म अडतो तो इथेच. मी एक केस मांडतो. खरी पेशंट नाही, शिकवायला रचलेली आहे, पण यातली प्रत्येक गोष्ट मी कुठे ना कुठे बघितलेली आहे.

६२ वर्षांच्या बाई, मधुमेह, थंडी वाजून ताप, उजव्या कुशीत दुखतंय, रक्तदाब कमी. सोमवारी रात्री दाखल झाल्या. लघवी आणि रक्ताचे नमुने घेतले आणि ११ वाजता मेरोपेनेमचा पहिला डोस दिला. आधीच्या एका दाखल्यात त्यांच्या लघवीत ईएसबीएल बनवणारा जंतू निघाला होता, त्यामुळे सुरुवात मेरोपेनेमने करण्याला माझी हरकत नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं ‘सेप्सिस’, ड्रग चार्टवर लिहिलं ‘७ दिवस’.

मंगळवारी संध्याकाळी रक्ताची बाटली पॉझिटिव्ह झाली. लॅबने फोन करून सांगितलं, ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय. बुधवारी ताप उतरला. गुरुवारी दुपारी २ वाजता अंतिम रिपोर्ट सुटला: ई. कोलाय, या वेळी ईएसबीएल नाही. सेफ्ट्रायाक्सोन चालतं, को-ट्रायमॉक्सॅझोल चालतं, सिप्रोफ्लॉक्सासिन चालत नाही. गुरुवारचा राउंड सकाळीच उरकलेला, नोटेत ‘कल्चरची वाट’. शुक्रवारी ‘सीएसटी’. शनिवार-रविवार ड्यूटीवर दुसरे डॉक्टर. सोमवारी नोट पडली, ‘कल्चर ई. कोलाय, इंजेक्शन चालू’. बुधवारी डिस्चार्ज, वर ५ दिवसांच्या गोळ्या.

आता हा कागद तुमच्या फॉर्मवर तपासा. कारण लिहिलंय, हो. दिवस लिहिलेत, हो. कल्चरचा उल्लेख आहे, हो. तीनपैकी तीन! आणि प्रत्यक्षात काय झालं? शुक्रवारी मेरोपेनेम सुटायला हवं होतं, ते आणखी पाच दिवस चाललं. चार्टवर लिहिलेले सात दिवस रविवारी संपले, तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. गोळ्या धरून एकूण १५ दिवस झाले.

म्हणून घड्याळं दोन लावा. पहिलं घड्याळ पहिल्या डोसपासून, ७२ तासांपर्यंत. तोवर हातात जे काही आहे, म्हणजे पेशंटची तब्येत, ग्राम स्टेन, एक्स-रे, त्यावर एक तरी निर्णय व्हायलाच हवा. अंतिम रिपोर्ट आलेला नाही ही सबब इथे चालत नाही. दुसरं घड्याळ अंतिम रिपोर्ट सुटल्याच्या वेळेपासून, २४ तास. त्यात रिपोर्टला धरून निर्णय. वरच्या केसमध्ये पहिलं घड्याळ गुरुवारी रात्री ११ वाजता संपतं आणि दुसरं शुक्रवारी दुपारी २ वाजता. दोन्ही चुकली. दोन्ही वेगवेगळी नोंदवली तर कळतं की राउंडची सवय सुटलीय, की रिपोर्ट वेळेत पोचत नाही. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत.

२४ हा आकडा कुठल्या ग्रंथातला नाही, ही माझी सोय आहे. दिवसातून एक राउंड होतो, म्हणून २४.

नवा_रेसिडेंट
केस वाचून जरा टोचलं. पण आमची बाजूही ऐका. गुरुवारी २ वाजता सुटलेला रिपोर्ट मला कळणार कसा? मी तेव्हा ओपीडीत असतो. शुक्रवारी सकाळी ३० पेशंट. सिस्टीम उघडून एकेकाचा रिपोर्ट शोधायचा तर राउंड दुपारपर्यंत संपणार नाही.

आणि पेशंट मेरोपेनेमवर सुधारतोय, तर चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची? आमचे सरच म्हणतात, जिंकणारी टीम बदलू नये.

सूक्ष्मदर्शी
पहिलं म्हणणं शंभर टक्के मान्य, म्हणूनच दुसरं घड्याळ वेगळं ठेवायचं. तिथे ‘नाही’ची रांग लागली तर ती माझ्या लॅबचीही परीक्षा आहे, फक्त तुमची नाही.

दुसरं मान्य नाही. बाई सुधारल्या त्या जंतूवर चालणारं औषध मिळालं म्हणून. तो जंतू सेफ्ट्रायाक्सोनलाही तेवढाच मरतो. मेरोपेनेमचे जादा दिवस या जंतूचं काही अधिक वाकडं करत नाहीत. ते आतड्यातल्या बाकीच्या जंतूंना निवडत बसतात आणि पुढच्या दाखल्यात त्याची किंमत कळते. ताप नाही, खाणंपिणं सुरू, किडनी आणि पोटॅशियम ठीक, तर शुक्रवारी थेट को-ट्रायमॉक्सॅझोलच्या गोळीवर आणण्याचाही विचार करता आला असता. सलाइनची सुई निघाली असती, कदाचित घरीही गेल्या असत्या.

निवांत
मध्येच बोलतो, माफ करा. माझा वैद्यकीशी संबंध नाही. माझ्या सासऱ्यांच्या रक्तात स्टॅफिलोकोकस निघाला होता आणि त्यांना दोन आठवड्यांच्या वर इंजेक्शनं दिली. तुम्ही तर सात दिवस म्हणताय. म्हणजे आमच्या डॉक्टरांनी उगाच जास्त दिली का? हा फॉर्म नातेवाइकांना भरता येतो का?

फार्मा_मंजू
निवांत, नाही हो! जंतू वेगळा, हिशोब वेगळा. स्टॅफिलोकोकस ऑरियस रक्तात सापडला तर १४ दिवस हे कमीत कमी. तेही पहिल्या डोसपासून नाही, ज्या दिवशी रक्ताचं कल्चर पहिल्यांदा निगेटिव्ह येतं त्या दिवसापासून. शिवाय हृदयाच्या झडपा बघायला इको करतात. तिथे किंवा हाडात काही निघालं तर कोर्स आणखी लांबतो. तुमच्या डॉक्टरांनी दोन आठवड्यांच्या वर दिलं यात नवल काही नाही. मनात असेल तर त्यांनाच विचारा, ते सांगतील.

फॉर्म मात्र नातेवाइकांसाठी नाही. हा एका पेशंटचा निकाल लावायला नसतोच, वॉर्डाची सवय बघायला असतो.

निवांत
धन्यवाद मंजूताई, जीव भांड्यात पडला. इको केला होता, आठवतंय.

सूक्ष्मदर्शी
निवांतरावांच्या प्रश्नाने कामाची गोष्ट वर आली. दिवसांच्या रकान्यात ‘दिवस पहिला’ कोणता, हे फॉर्मवर लिहिलंच पाहिजे. सरसकट नियम असा ठेवा: जंतूवर चालणाऱ्या औषधाचा पहिला डोस ज्या तारखेला गेला, ती तारीख दिवस पहिला. आधी दोन दिवस न चालणारं औषध गेलं असेल तर ते दोन दिवस मोजायचे नाहीत. स्टॅफिलोकोकस ऑरियसला अपवाद, तो मंजूताईंनी सांगितलाच. गळू असेल आणि पू काढला असेल तर बरेच जण पू काढल्यापासून मोजतात, त्याचीही एक ओळ हवी.

माझ्या केसमध्ये सोमवारी रात्री ११ वाजता एकच डोस गेला, तरी सोमवार हाच पहिला आणि रविवार सातवा. कोणाला मंगळवारपासून मोजायचं असेल तर खुशाल मोजा, पण मग सगळ्यांचंच तसं मोजा.

सातच का, असं कोणी विचारायच्या आधी सांगतो. रक्तात जंतू असलेल्या ३,६०८ पेशंटवरची बॅलन्स नावाची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सात दिवसांच्या गटात ९० दिवसांतले मृत्यू १४.५ टक्के, चौदा दिवसांच्या गटात १६.१ टक्के. म्हणजे सात दिवस कमी पडले नाहीत. मात्र स्टॅफिलोकोकस ऑरियसवाले, प्रतिकारशक्ती फारच खालावलेले आणि झडप-हाड असली लांबच्या उपचाराची जागा असलेले पेशंट त्यात घेतलेलेच नव्हते. माझ्या केसमधल्या बाई त्या सातात बसतात, पण मूत्रमार्गात खडा अडकलेला नाही आणि किडनीत गळू नाही हे बघितलं असेल तरच.

आकडेमोड
मी डॉक्टर नाही, रुग्णालयाच्या क्वालिटी विभागात आकडे बघतो. ‘लागू नाही’चा प्रश्न बाजूलाच राहिला, तर त्यावर.

समजा वॉर्डात अँटिबायोटिकच्या ४० ऑर्डरी तपासल्या. १५ ला ‘हो’, ५ ला ‘नाही’, २० ला ‘लागू नाही’. बहुतेक ठिकाणी ‘हो’ आणि ‘लागू नाही’ एकत्र करून ३५ भागिले ४० करतात आणि ८७.५ टक्के जाहीर होतात. शलाकाताई, तुमचे ८५ असेच येत असणार, पैज लावतो.

आता त्या २० ‘लागू नाही’ उघडून बघा. समजा १० मध्ये कल्चरची गरजच नव्हती. ६ मध्ये गरज होती, पण पाठवलंच नाही. ४ मध्ये रिपोर्ट यायचा होता, किंवा येऊन २४ तास झाले नव्हते. या तीन अगदी वेगळ्या गोष्टी एका डब्यात पडल्यात. त्यातली मधली तर सरळसरळ त्रुटी आहे आणि ती गुणांमध्ये मोजली जातेय!

म्हणून त्या रकान्यात चार अक्षरं ठेवा. N म्हणजे गरज नव्हती, M म्हणजे गरज असून पाठवलं नाही, P म्हणजे अजून वेळ आहे, R म्हणजे रिपोर्ट येऊन २४ तास उलटले. पुढच्या रकान्यात वेळेत निर्णय झाला असेल तर Y. मग शीटमध्ये एवढंच:

```
=COUNTIFS(G2:G41,"R",H2:H41,"Y")/COUNTIF(G2:G41,"R")
```

वरच्या उदाहरणात R वाले २० आणि कल्चर पाठवायला हवं होतं असे ३०. पाठवलं २४, म्हणजे ८० टक्के. ‘रिपोर्ट बघितला’ या ढिल्या व्याख्येने २० पैकी १५, ७५ टक्के. डॉक्टर म्हणतात तसा निर्णय लिहिलेला समजा ९ मध्येच सापडला, तर ४५ टक्के. कागद तेच, पेशंट तेच, आणि ८७.५ चे ४५.

एक सावधगिरी. २० पैकी ९ मध्ये अनिश्चितता भरपूर असते. खरा आकडा साधारण २६ ते ६६ मध्ये कुठेही असू शकतो. पुढच्या महिन्यात ११ झाले म्हणून पेढे वाटू नका आणि ७ झाले म्हणून कोणाला झापू नका. सहा-आठ महिन्यांचे ठिपके एका रेषेवर मांडा, मग बोला.

शलाका_आयसीएन
पैज जिंकलात. आम्ही अगदी असंच करतो.

N आणि M कोण ठरवणार पण? कल्चरची गरज होती की नव्हती हे मी नर्स म्हणून कसं ठरवू?

सूक्ष्मदर्शी
तुम्ही ठरवायचं नाही. आधी मेडिसिनचे वरिष्ठ आणि आम्ही बसून एक पानाची यादी करायची. दाखल करून सेप्सिस म्हणून सुईने अँटिबायोटिक सुरू केलं तर रक्ताचं कल्चर हवंच. किडनीपर्यंत गेलेल्या लघवीच्या संसर्गात लघवीचं हवं. पू नसलेल्या साध्या सेल्युलायटिसमध्ये, पेशंट स्थिर असेल तर नको. तुम्ही यादीवर बोट ठेवायचं, बस. यादीत नसेल तर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह, आणि महिन्यातून एकदा मला फोन.

फॉर्म पक्का करण्याआधी तुम्ही आणि जोडीच्या सिस्टरने एकाच दहा फाइली एकमेकींना न विचारता भरा. जिथे उत्तरं जुळणार नाहीत तिथे दोष तुमच्यापैकी कोणाचा नसून प्रश्नाच्या शब्दांचा असतो. शब्द बदला, मग पुन्हा दहा.

फार्मा_मंजू
कारणाच्या रकान्याबद्दल थोडं. ‘सेप्सिस’ला मी ‘हो’ देत नाही. जागा लिहिलेली हवी: लघवीमार्ग, फुप्फुस, पोट. जागा सापडलेली नसेल तर ‘सेप्सिस, जागा अज्ञात’ पहिल्या ७२ तासांपुरतं चालवून घेते, त्यापुढे नाही. ‘ताप’ किंवा ‘सीआरपी वाढलेलं’ तर कधीच नाही.

हा रकाना वाटतो तेवढा निरुपद्रवी नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यावरच टिकतं. कॅथेटर घातलेल्या आजोबांची लघवी ‘गढूळ दिसते’ म्हणून कल्चरला गेली. ताप नाही, दुखणं नाही. दोन दिवसांनी क्लेब्सिएला आला, डॉक्टरांनी सहा तासांत रिपोर्ट बघितला, सेन्सिटिव्हिटीप्रमाणे औषध लिहिलं, सात दिवसांची तारीख घातली. आपल्या नव्या फॉर्मवर पैकीच्या पैकी! आणि औषधाची गरजच नव्हती, कारण कॅथेटर बरेच दिवस राहिला की लघवीत जंतू सापडतातच. लक्षणांशिवाय ते संसर्ग नव्हेत.

नवा_रेसिडेंट
हे मात्र खरं आहे. रिपोर्ट लाल अक्षरात आला की हात शिवशिवतात. रक्ताच्या एकाच बाटलीत कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस आला तरी व्हॅन्कोमायसिन सुरू होतं. बहुतेकदा ते कातडीवरून आलेलं असतं हे माहीत असूनही.

मग फॉर्ममध्ये चौथा प्रश्न घाला ना: निर्णय बरोबर होता का?

फार्मा_मंजू
तिथेच माझं आणि आमच्या समितीचं जमत नाही. मी म्हणते घाला. त्या म्हणतात की बरोबर-चूक ठरवायला प्रत्येक फाइल संसर्गतज्ज्ञाने वाचायला लागेल, मग दर महिन्याला ४० होणार नाहीत, वर्षातून एकदा होतील.

सूक्ष्मदर्शी
मी तुमच्या समितीच्या बाजूने झुकतो, पण पूर्ण नाही. सगळ्या ४० मध्ये नोंद आणि वेळ तपासावी. त्यातल्या पाच चिठ्ठ्या टाकून काढाव्यात आणि त्यांचंच बरोबर-चूक आम्ही वाचावं. पाच फाइलींची टक्केवारी काढू नये, त्या राउंडवर चर्चेला न्याव्यात.

आकडेमोड
शलाकाताई, फाइली निवडता कशा?

शलाका_आयसीएन
महिन्यातला एक दिवस ठरलेला असतो. सकाळी ८ वाजता वॉर्डात जे पेशंट अँटिबायोटिकवर आहेत ते सगळे.

आकडेमोड
मग अजून एक गोम आहे. एका दिवसाच्या फोटोत लांब कोर्स जास्त येतात. एका पेशंटचं औषध रिपोर्ट बघून तिसऱ्या दिवशी थांबलं, दुसऱ्याचं बारा दिवस रेंगाळलं. तुमच्या ठरलेल्या सकाळी दुसरा सापडण्याची शक्यता पहिल्याच्या चौपट. म्हणजे जिथे काम चोख झालं ते पेशंट तुमच्या जाळ्यातून निसटतात. डॉक्टर मंडळी ‘आमचं चांगलं काम दिसतच नाही’ म्हणतात, त्यात तथ्य आहे.

एका दिवसाची पाहणी कारण आणि दिवस लिहिलेत का, यासाठी ठीक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पाहणीही सकाळी ८ ची वेळ धरूनच होते. कल्चरच्या प्रश्नासाठी मात्र खाटांपासून सुरुवात करू नका, लॅबच्या यादीपासून करा. गेल्या महिन्यात या वॉर्डाचे सुटलेले सगळे अंतिम रिपोर्ट घ्या, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दोन्ही, त्यातले ओळीने २० उचला आणि पुढच्या २४ तासांत काय झालं ते मागे जाऊन बघा. थांबवलेलेही सापडतील आणि डिस्चार्जच्या गोळ्याही मोजता येतील.

सूक्ष्मदर्शी
हे मला सुचलं नव्हतं. यादी मी पाच मिनिटांत काढून देऊ शकतो, रिपोर्ट सुटल्याची वेळ त्यावर असतेच. फक्त ‘प्राथमिक’ आणि ‘अंतिम’ अशा दोन वेळा असतात. घड्याळ अंतिमवर लावा, नाहीतर ग्राम स्टेनच्या फोनपासूनच मोजायला लागाल.

खटपट्या
आयटीतून. सगळं वाचलं. एवढ्या कागदकामापेक्षा सिस्टीममध्येच सोय करा ना. सातव्या दिवशी ऑर्डर आपोआप बंद, आणि रिपोर्ट सुटला की डॉक्टरांच्या स्क्रीनवर खिडकी.

शलाका_आयसीएन
आपोआप बंद म्हणजे रविवारी रात्री २ चा डोस चुकणार आणि सोमवारी सकाळी कळणार. ज्या पेशंटला चौदा दिवस हवेत त्याचाही चुकेल. नको बाबा.

खटपट्या
मग बंद नको, आदल्या दिवशी सकाळी आठवण.

नवा_रेसिडेंट
आठवणीच्या खिडक्या दिवसाला इतक्या येतात की न वाचताच मिटवल्या जातात. मला विचाराल तर, शुक्रवारी सकाळी सिस्टरने राउंडच्या ट्रॉलीवर आदल्या २४ तासांतल्या अंतिम रिपोर्टांची यादी ठेवली तर त्याचा उपयोग जास्त. पाच-सहाच नावं असतात.

फार्मा_मंजू
+१. शनिवारी सकाळचीही हवी. शुक्रवारी दुपारी सुटलेले रिपोर्ट सोमवारपर्यंत तसेच पडतात.

शलाका_आयसीएन
ठीक. पुढच्या महिन्यापासून कारण आणि दिवस खाटेवरून, कल्चर लॅबच्या यादीवरून. दोन घड्याळं, N-M-P-R, आणि निर्णयाच्या जागी त्या पाचांपैकी एक. शनिवारच्या यादीचं मेट्रनबाईंशी बोलते, त्या दिवशी माझी सुट्टी असते आणि ड्यूटीवर दोनच सिस्टर.

एकच राहिलं. पेशंट गुरुवारी सकाळी घरी गेला आणि रिपोर्ट दुपारी सुटला, तर लॅबच्या यादीत त्याचं नाव येणार. तो R मध्ये धरायचा का? आणि धरला तर निर्णय कोणी घ्यायचा होता?

सूक्ष्मदर्शी
धरायचा. घरी दिलेली गोळी त्या जंतूवर चालत नसेल तर हा तुमच्या यादीतला सगळ्यात धोक्याचा पेशंट. निर्णय मात्र कोणाचा, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत. मेडिसिनवाले म्हणतात, ज्याने नमुना पाठवला त्याने. पाठवणारा रेसिडेंट तोवर दुसऱ्या युनिटला गेलेला असतो.

नवा_रेसिडेंट
आणि फाइल रेकॉर्ड रूममध्ये. फोन नंबर फाइलवरच असतो.

फार्मा_मंजू
डिस्चार्ज कार्डवर ‘रिपोर्ट बाकी’ आणि पेशंटचा नंबर यांची एक प्रत आम्ही फार्मसीत ठेवून बघतोय. फोन कोणी करायचा ते अजून ठरलेलं नाही.